मुदत संपलेल्या औषधाची तक्रार: बॅच क्रमांक आधी जुळवा

औषध दुकानाकडे लेखी तक्रार करण्यापूर्वी पट्टीवरचा बॅच क्रमांक बिलावरील क्रमांकाशी अक्षर न अक्षर ताडून पाहावा, कारण ‘ही पट्टी आमच्याकडची नाहीच’ हा आक्षेप तिथेच निकाली निघतो. मुदत फक्त महिना-वर्षात छापलेली असल्यास ती सहसा त्या महिन्याच्या अखेरीपर्यंत धरतात. म्हणजे पट्टीवर ०३/२०२५ आणि बिलावर १२ एप्रिल २०२५ असेल, तर विक्री मुदतीनंतरचीच ठरते. अर्जात औषधाचे नाव, मात्रा, बॅच क्रमांक, दोन्ही तारखा, बिल क्रमांक आणि उरलेल्या गोळ्यांची संख्या लिहावी. बिलावर वेगळाच बॅच क्रमांक असेल, तर ती तफावतही स्पष्ट नोंदवावी. माझ्या मते ती अधिक गंभीर बाब आहे.

मागणी नेमकी असावी: ‘पूर्ण रक्कम परत करावी आणि मुदत संपलेला साठा विक्रीत कसा राहिला, तसेच त्याच बॅचच्या उरलेल्या मालाचे काय केले, याचा लेखी खुलासा सात दिवसांत द्यावा.’ मूळ पट्टी दाखवावी, पण लेखी पोच मिळाल्याशिवाय दुकानात सोडू नये; अर्जाला छायाचित्र आणि बिलाची प्रत जोडावी. काही गोळ्या घेतल्या गेल्या असतील, तर डॉक्टरांना आधी कळवावे.