सावरणाऱ्या सर्व्हरला पुन्हा न पाडता रीट्राय कसा करावा

इंदूरमध्ये आम्ही मिठाई-नमकीनच्या दुकानांचं बिलिंग सॉफ्टवेअर सांभाळतो. राजवाड्यापासून विजयनगरपर्यंत पसरलेल्या काउंटरांवरची टॅब्लेट प्रत्येक बिल आमच्या सर्व्हरकडे पाठवतात. दिवाळीच्या गर्दीत एकदा सर्व्हर थोडा वेळ बंद पडला. तो सुरू केला की पुन्हा आडवा व्हायचा. बिघाड कधीच दुरुस्त झाला होता, पण टॅब्लेटवरचा आमचा रीट्रायचा कोड त्याला उभं राहू देत नव्हता.

हिशेब सोपा करायला 400 टॅब्लेट आणि सेकंदाला 50 बिलं पेलणारा सर्व्हर धरा. टॅब्लेट उत्तरासाठी 5 सेकंद थांबते. सगळ्या एकदम अपयशी झाल्या आणि ठरावीक वेळाने एकदम परत आल्या, तर शेवटच्या बिलाची पाळी 8 सेकंदांनी येते. तोवर ती टॅब्लेट कंटाळून निघून गेलेली असते. सर्व्हर मात्र ज्यांची कोणी वाट पाहत नाही अशी उत्तरं तयार करत बसतो.

थांबण्याचा वेळ दुप्पट करत नेणं, म्हणजेच एक्स्पोनेन्शियल बॅकऑफ, एकट्याने इथे पुरत नाही. 1, 2, 4, 8 सेकंद थांबूनही त्या 400 जणी एकत्रच येतात, लाट फक्त उशिरा येते. म्हणून पहिलं काम, थांबण्याचा वेळ शून्य ते त्या मर्यादेपर्यंत कुठेही यादृच्छिक निवडा. याला फुल जिटर म्हणतात:

```python
wait = random.uniform(0, min(60, 2 ** attempt))
```

इथे `attempt` शून्यापासून मोजायचा. पाचव्या रीट्रायला टॅब्लेट 0 ते 16 सेकंदांत विखुरतात. 400 भागिले 16, म्हणजे सेकंदाला साधारण 25. सर्व्हरला श्वास घ्यायला जागा मिळाली.

आता त्या 60 कडे नीट बघा, कारण आमची चूक तिथेच होती. बिल लवकर जावं म्हणून आम्ही कमाल मर्यादा 10 ठेवली होती. 0 ते 10 मध्ये सरासरी थांबणं 5 सेकंदांचं. उत्तराची वाट पाहण्याचा वेळ सोडून दिला, तर 400 टॅब्लेट सेकंदाला 80 वेळा दार ठोठावतात आणि सर्व्हर पेलतो 50. मर्यादा 60 केली की सरासरी 30 सेकंद होते आणि मारा सेकंदाला 13-14 वर येतो. तुमची मर्यादा अशीच काढा. क्लायंटांची संख्या दुप्पट करा, तिला मर्यादेने भागा, आणि उत्तर सर्व्हरच्या क्षमतेच्या बरंच खाली येईपर्यंत मर्यादा वाढवा.

हे गणित एका अटीवर उभं आहे. थांबलेली टॅब्लेट त्या वेळात दुसरं काही पाठवत नसली पाहिजे. म्हणून प्रत्येक काउंटरला एकच रांग द्या. पुढचं बिल आधीच्याच्या मागे टॅब्लेटवर साठू द्या.

ऑनलाइन ऑर्डरच्या ॲपमध्ये ही अट पाळता येत नाही, कारण तिथे नवे गिऱ्हाईक येतच राहतात. सेकंदाला 40 नव्या ऑर्डर येतात आणि प्रत्येक अपयशी ऑर्डर तीनदा रीट्राय होते असं धरा. बिघाड लांबला की मारा 160 वर जातो. कितीही जिटर लावा, तो आकडा पसरतो, कमी होत नाही. बॅकऑफ लावला म्हणजे सर्व्हर सुरक्षित, हा समज इथे महागात पडतो.

यावर उपाय रीट्रायच्या बजेटचा. प्रत्येक यशस्वी कॉलला खात्यात 0.1 जमा करा, प्रत्येक रीट्रायला 1 वजा करा, खातं रिकामं असेल तर रीट्राय न करता गिऱ्हाइकाला चूक दाखवा. जमा रकमेवर 10 सारखी वरची मर्यादाही ठेवा. सर्व्हर पडलेला असताना जमा काहीच होत नाही, त्यामुळे रीट्राय आपोआप थांबतात आणि सर्व्हरपुढे फक्त त्या 40 नव्या ऑर्डर उरतात. तेवढ्या तो पेलतो. मात्र हे खातं एकाच ऑर्डरपुरतं ठेवू नका. अनेक ऑर्डर ज्यातून जातात अशा मधल्या सेवेत ठेवा, आणि रीट्राय त्याच एका थरावर करा. एकाखाली एक तीन थर प्रत्येकी चार प्रयत्न करू लागले, तर एका ऑर्डरचे 64 कॉल होतात.

रीट्राय फक्त टाइमआउट आणि 429, 503 या HTTP कोडांसाठी करा. 400 किंवा 401 आलेली विनंती पुन्हा पाठवली तरी तेच उत्तर येणार. उत्तरात `Retry-After` आला तर तो पाळा, पण त्यावरही थोडा जिटर चढवा, नाहीतर सगळ्यांना तोच आकडा मिळून लाट परत तयार होते. आणि टाइमआउट झालेलं बिल सर्व्हरवर नोंदलं गेलेलं असू शकतं. तेव्हा बिलाचा युनिक क्रमांक टॅब्लेटवरच बनवा, प्रत्येक प्रयत्नात तोच पाठवा आणि सर्व्हरला दुसरी नोंद नाकारू द्या.

शेवटी चाचणी सर्व्हर मुद्दाम अर्धा मिनिट बंद करा. प्रत्येक कॉलच्या लॉगमध्ये `attempt` लिहा आणि सेकंदागणिक कॉल मोजा. आलेखात करवतीसारखे सुळके दिसले तर जिटर लागलेला नाही. आलेख सपाट आहे पण क्षमतेच्या वरच अडकलाय, तर मर्यादा किंवा बजेट तपासा.