या चुका टाळा: अंधारात काढलेल्या मित्राच्या फोटोतले दाणे घालवताना

महिन्यातून दोन-तीनदा तरी कुणीतरी फोन पुढे करतं. "हा फोटो बघ ना, फुटलाय. जरा नीट कर." फोटोत एखादा मित्र असतो, बाजूला एकच दिवा असतो, आणि चेहऱ्यावर रवा भुरभुरल्यासारखे दाणे असतात. त्यात फोटोच्या मालकाने आधीच तासभर खटपट करून ठेवलेली असते. दाणे परवडले, पण ती खटपट निस्तरणं नको, असं होतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे नॉइज रिडक्शनची पट्टी शेवटपर्यंत ओढणं. हे मी अधिकारवाणीने सांगू शकतो, कारण मीही ते केलंय. एका मित्राचा फोटो होता. डावीकडून टेबललॅम्पचा उजेड, आयएसओ ३२००, अर्धा चेहरा सावलीत. मी पट्टी ८० वर नेली. फोनच्या पडद्यावर चेहरा असा तुकतुकीत दिसला की मी स्वतःवरच खूश झालो. पठ्ठ्याने तो मोठा छापून फ्रेम करून भिंतीवर लावला. त्याची आई फ्रेमसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, याच्या भुवईवरची खूण कुठे गेली?" लहानपणी पडला होता, त्याची ती बारीकशी खूण. ती गेली होती, दोन दिवसांची दाढी गेली होती, भुवयांचे केस एकमेकांत मिसळून काजळाची रेघ झाली होती. साबणाच्या वडीला डोळे काढावेत तसा चेहरा. आणि मूळ फोटो मी उडवून टाकला होता. तेव्हापासून आधी कॉपी करतो, मगच हात लावतो.

चूक कुठे झाली? दाणे दोन तऱ्हेचे असतात. एक म्हणजे रंगाचे डाग: सावलीतल्या गालावर हिरवट-जांभळट ठिपके. दुसरे उजेडाचे: शेजारशेजारचे पिक्सेल उगाचच कमीजास्त उजळ. आपल्या डोळ्यांना रंगातला बारीक तपशील फारसा कळत नाही, म्हणून रंगाचे डाग बिनधास्त पुसता येतात. कलर नॉइजची पट्टी ४० पर्यंत नेली तरी चेहऱ्याचं सहसा काही बिघडत नाही. त्यापुढे ओठांचा रंग कातडीत पसरतो का, तेवढं बघायचं. उजेडाच्या दाण्यांचं तसं नाही. दाढीचा खुंट, पापणीचा केस आणि दाणा, तिघेही ॲपला सारखेच दिसतात. एक पुसलं की बाकीचे दोन जातात. म्हणून चेहऱ्यावर ही दुसरी पट्टी मी १५-२० च्या पुढे नेत नाही. मागची भिंत, पडदा, अंधारा कोपरा मास्क लावून वेगळा घेतो आणि तिथे खुशाल ५० करतो. भिंतीवरची खूण कुणाची आई शोधत नाही. ॲपगणिक आकडे बदलतील, पण भिंतीला जास्त आणि चेहऱ्याला कमी, हे बदलत नाही.

घाई असणाऱ्यांना मास्क नको असतो. त्यांना एक बटण हवं असतं. एका बटणाने होतो तो साबणच.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे पिवळा उजेड "नीट" करणं. पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा प्रकाश मुळातच फार थोडा असतो, त्यामुळे सेन्सरवर निळ्याची नोंद सर्वांत अशक्त होते. आता चेहरा पांढऱ्या उजेडातला वाटावा म्हणून तुम्ही व्हाइट बॅलन्स निळ्याकडे ढकलता, तेव्हा ॲप ती अशक्त नोंद गुणून मोठी करतं आणि तिच्यातले दाणेही त्याच पटीत फुगतात. मग लोक म्हणतात, "मघाशी एवढे डाग नव्हते." नव्हतेच, तुम्ही काढलेत! मी उजेड पिवळसरच ठेवतो, फार तर थोडा उतरवतो. रात्री दिव्याखाली बसलेला माणूस पिवळसर दिसला तर बिघडलं काय?

हेच उलट वापरताही येतं. डाग काही केल्या जाईनात तर फोटो कृष्णधवल करा, पण नुसता फिल्टर मारून नाही. रंगांच्या पट्ट्या स्वतंत्र असतील तर लाल आणि नारिंगी वर घ्या, निळा खाली. पिवळ्या उजेडात लाल नोंद निळ्यापेक्षा पुष्कळ स्वच्छ असते आणि कातडीही त्याच रंगांत असते, त्यामुळे चेहरा आपोआप निवळतो. उरलेले दाणे कृष्णधवलमध्ये खटकत नाहीत.

चॅटवरून आलेला फोटो घेऊन बसू नका, मूळ फाइल मागवा. चॅटमधली प्रत दाबून लहान केलेली असते. २०० टक्के मोठी केलीत तर चौकोनी ठोकळे दिसतील, ते दाणे नव्हेत आणि दाण्यांच्या पट्टीने जातही नाहीत. ठोकळ्यांऐवजी जलरंगाने फासल्यासारखं दिसत असेल, तर फोनने स्वतःच आधी दाणे पुसलेत. त्यावर पुन्हा पट्टी ओढणं म्हणजे पुसलेली पाटी पुसणं. तिथे मी उलट थोडे दाणे वरून घालतो, ग्रेनची पट्टी १० च्या आसपास, म्हणजे मेणचटपणा झाकला जातो.

क्रमही लोक उलटा लावतात. आधी दाणे काढतात, मग फोटो उजळतात, आणि सावलीतून दाणे पुन्हा वर येतात. आधी उजळा, तेही बेताने. त्या लॅम्पवाल्या फोटोसारखाच दुसरा फोटो पुढे हाती आला, तेव्हा एक्स्पोजर फक्त ०.७ वाढवलं आणि काळा भाग आणखी खाली दाबला. मागचा कोपरा काळा पडला, अर्धे दाणे तिथेच गडप झाले. मग रंगाचे डाग, मग भिंत, मग चेहरा, आणि शार्पनिंग अगदी शेवटी, फक्त डोळ्यांवर. अख्ख्या फोटोला शार्प करणारे आत्ताच पुसलेले दाणे पुन्हा कोरून काढतात.

२०० टक्क्यांवर बघत दाणे मोजू नका. फोटो जेवढा दिसणार, तेवढाच करून बघा. ४००० पिक्सेल रुंदीचा फोटो २००० वर आणला की चार पिक्सेलांची सरासरी होऊन बरेच दाणे तसेच विरतात.

मित्र हललेला असेल तर यातलं काहीच चालत नाही. पापण्या दुहेरी दिसत असतील तर तो दाण्यांचा दोष नाही, सोडून द्या. नाइट मोड अनेक फ्रेम एकावर एक रचतो. चार फ्रेमांची सरासरी घेतली की दाणे साधारण निम्मे होतात, पण तेवढा वेळ माणूस स्थिर हवा, आणि हसणारा मित्र स्थिर नसतो. तीन सेकंद हसू धरून ठेव म्हटलं की ते दातदुखीसारखं दिसतं. त्यापेक्षा त्याला दिव्याजवळ सरकवा. छोट्या दिव्यापासूनचं अंतर निम्मं केलं की चेहऱ्यावर जवळपास चौपट उजेड पडतो, आणि ३२०० आयएसओचं काम ८०० वर भागतं. त्याची खुर्ची सरकवायला पाच सेकंद लागतात.