समारोप तपासताना: कापसावरच्या एका निबंधाच्या आधारे

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींचे निबंध मी तपासतो. आता काही जुने विद्यार्थीही हे काम हाती घेत आहेत. नव्याने तपासणाऱ्याची सर्वाधिक अडचण समारोपापाशी होते, कारण तिथली भाषा बहुधा सफाईदार असते आणि गुण देऊन मोकळे व्हावेसे वाटते. म्हणून एकच निबंध घेऊन मी समारोप कसा पाहतो ते सांगतो.

विषय होता ‘विदर्भातील कोरडवाहू कापूस’. मुख्य भागात तीन मुद्दे होते. पहिल्यात, ऐन बोंडे धरताना पावसाचा खंड पडला की पहिल्या वेच्यात कापूस कमी येतो, हे होते. दुसऱ्यात 2017 च्या हंगामातील गुलाबी बोंडअळीचा उद्रेक आणि हंगाम संपल्यावरही तेच पीक शेतात राखून फरदड घेतल्याने अळीला पुढेही खाद्य मिळत राहते, हे कारण होते. तिसऱ्यात विक्री होती: हमीभावाच्या खरेदीत ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असल्यास पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे 12 टक्क्यांपर्यंत कपात होते आणि त्याहून ओला कापूस घेतला जात नाही, पण उधारी फेडायची घाई असलेला शेतकरी कापूस वाळण्याची वाट न पाहता खेडा खरेदीवाल्याला मिळेल त्या भावाने देतो.

समारोप असा होता: ‘अशा प्रकारे पावसाची अनिश्चितता, बोंडअळी आणि कमी भाव यांमुळे कापूस उत्पादक अडचणीत आहे. सेंद्रिय शेती स्वीकारल्यास त्याचे उत्पन्न दुप्पट होईल. म्हणूनच प्रत्येक शेतकरी आज कर्जात बुडालेला आहे.’

मी समारोपातील प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढतो आणि समासात ते ज्या परिच्छेदावर उभे आहे त्याचा क्रमांक लिहितो. पहिल्या वाक्यापुढे एक, दोन, तीन असे तिन्ही क्रमांक येतात, त्यामुळे नवखा तपासणारा याला संश्लेषण समजतो. परंतु येथे तीन मुद्दे केवळ ‘आणि’ने शेजारी बसवले आहेत. त्यांचा क्रम उलटा करून पाहावा. अर्थ जराही बदलला नाही, तर ती यादी आहे, म्हणजेच पुनरुक्ती. मुद्द्यांमध्ये कार्यकारणाचा संबंध सांगितला असेल, तर असा क्रम बदलताच वाक्य मोडते.

दुसऱ्या वाक्यापुढे कोणताच क्रमांक लिहिता येत नाही. सेंद्रिय शेतीचा उल्लेख मुख्य भागात कुठेच नाही, मग उत्पन्न दुप्पट होण्याचा आधार कोठून येणार? हे विधान खरे की खोटे हा प्रश्न तपासणाऱ्याने येथे सोडून द्यावा. त्याला पुरावा देण्याची जागा मागे गेली, एवढे कारण पुरेसे आहे. विद्यार्थ्याला ते महत्त्वाचे वाटत असेल, तर त्यासाठी आधी स्वतंत्र परिच्छेद लिहावा, नाहीतर वाक्य काढावे.

तिसरे वाक्य सर्वांत फसवे, आणि माझ्या मते नवख्याने सर्वाधिक वेळ येथेच द्यावा. कर्जाशी मिळतीजुळती गोष्ट मुख्य भागात आहे, त्यामुळे क्रमांक तीन लिहिण्याचा मोह होतो. पण तिथे घाईने विकणाऱ्या शेतकऱ्याची उधारी होती. येथे ‘प्रत्येक शेतकरी’ आणि ‘बुडालेला’ आले. ओळखीच्या शब्दांत व्याप्ती वाढवलेले असे विधान नवेच असते. ‘सर्व’, ‘केवळ’, ‘नेहमी’, ‘एकमेव’ हे शब्द समारोपात दिसले की मागे जाऊन तेवढी व्याप्ती तिथे सिद्ध झाली होती का, ते पाहावे.

मग या निबंधातून काय निघू शकत होते? त्या विद्यार्थिनीला मी एवढेच विचारले, ‘शेतकरी फरदड का घेतो, हे तुझ्याच पहिल्या परिच्छेदातून सांगता येईल का?’ तिने पुन्हा लिहिले: ‘पावसाच्या खंडाने पहिला वेचा तुटपुंजा येतो, तेव्हा ती तूट भरून काढण्यासाठी फरदड ठेवण्याचा मोह होतो आणि अळीला खाद्य मिळते, त्याच तुटीमुळे हाती आलेला कापूस ओलाच विकावा लागतो. त्यामुळे बोंडअळी आणि कमी भाव हे प्रश्न काही अंशी हंगामाच्या सुरुवातीला हाती पैसा नसण्यातून जोडलेले दिसतात.’

यातील शेवटचे वाक्य मुख्य भागात कुठेही नव्हते, तरीही मी त्याला नवा दावा म्हणत नाही, कारण त्याचा प्रत्येक धागा मागे सापडतो आणि ‘काही अंशी’ या शब्दांनी त्याची मर्यादाही राखली आहे. ‘मोह होतो’ हा दुवा मात्र तिने अनुमानाने जोडला होता. फरदडीमागे पाणी उपलब्ध असणे किंवा उशिरा मिळणारा भाव ही कारणेही असू शकतात. म्हणून दुसऱ्या परिच्छेदात फरदड घेण्याच्या कारणांवर एक वाक्य घालण्याची सूचना मी समासात लिहिली आणि समारोप तसाच ठेवला.