न्यूरल नेटवर्कच्या प्रोजेक्टची व्हायवा: घरी सराव कसा करावा

व्हायवाला बसलेली मुलं बहुतेक वेळा व्याख्येत अडखळत नाहीत. 'न्यूरल नेटवर्क म्हणजे काय' याचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. अडतं ते पुढच्या प्रश्नाला: "तुमच्या नेटवर्कमध्ये हा आकडा कुठून आला?" म्हणून सराव स्वतःच्या आकड्यांवरच करायला हवा. इथे एकच प्रोजेक्ट घेऊन तो कसा करायचा ते दाखवतो.

प्रोजेक्ट हस्तलिखित देवनागरी अक्षरं ओळखण्याचा आहे. त्यासाठी नेपाळमध्ये तयार झालेला आणि सर्वांना खुला असलेला देवनागरी अक्षरांचा डेटासेट वापरला आहे. त्यात ९२,००० चित्रं आहेत, प्रत्येक ३२ × ३२ पिक्सेलचं. वर्ग ४६ आहेत: क ते ज्ञ ही ३६ अक्षरं आणि १० अंक. प्रत्येक वर्गाची १,७०० चित्रं प्रशिक्षणाला आणि ३०० चाचणीला दिलेली आहेत. मॉडेल मुद्दाम साधं ठेवलं आहे:

```python
model = keras.Sequential([
    keras.Input(shape=(1024,)),
    layers.Dense(128, activation="relu"),
    layers.Dense(46, activation="softmax"),
])
```

पायरी १: एक कागद तयार करा

सरावाआधी एका कोऱ्या कागदावर नेटवर्कची आकृती हाताने काढा आणि प्रत्येक आकड्याशेजारी तो का आहे हे लिहा. मग मित्राला किंवा मैत्रिणीला समोर बसवा. कोड न बघता फक्त त्या कागदावरून प्रश्न विचारायला सांगा, आणि प्रत्येक उत्तरावर निदान एकदा तरी "का?" विचारायला सांगा. विचारणाऱ्याला विषय येत नसला तरी चालतं, त्या "का?"मुळेच कच्चे दुवे दिसतात.

पायरी २: रचनेवरचे प्रश्न

*प्रश्न: एकूण पॅरामीटर किती? मोजून दाखवा.*

"सर, चित्र ३२ × ३२ चं आहे, म्हणून इनपुट १,०२४. पहिल्या थरात १,०२४ × १२८ वेट आणि १२८ बायस, म्हणजे १,३१,२००. दुसऱ्या थरात १२८ × ४६ वेट आणि ४६ बायस, म्हणजे ५,९३४. एकूण १,३७,१३४."

हा गुणाकार परीक्षकासमोर कागदावर करा. `model.summary()` मध्ये हाच आकडा दिसतो, पण तो मोजता येणं म्हणजे थर कसे जोडलेत हे कळणं. पुढचा प्रश्न "१२८ च का?" असा येईल. त्यावर "असंच घेतलं" म्हणू नका. ६४ आणि २५६ घेऊन पाहिलं असेल तर व्हॅलिडेशनला काय फरक पडला ते सांगा. पाहिलं नसेल तर आज रात्री पाहा. एवढ्या लहान मॉडेलला त्यासाठी फार वेळ लागत नाही.

*प्रश्न: `relu` काढून टाकलं तर?*

"तर दोन्ही थर मिळून एकच रेषीय थर होईल. एका मॅट्रिक्सने गुणून पुन्हा दुसऱ्याने गुणलं की ते एकाच मॅट्रिक्सने गुणल्यासारखं असतं. थर दोन दिसतील, पण वर्गांमधल्या सीमा सरळच राहतील."

पायरी ३: प्रशिक्षण खरंच झालं, हे दाखवणारे प्रश्न

*प्रश्न: पहिल्या इपॉकच्या आधी लॉस किती असायला हवा?*

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण पाठांतराने त्याचं उत्तर येत नाही. "सर, सुरुवातीला मॉडेलला काहीच माहीत नसतं. ४६ वर्गांना साधारण सारखीच शक्यता दिली, तर क्रॉस-एन्ट्रॉपी `ln(46)`, म्हणजे सुमारे ३.८३ येते." लॉस याहून फार मोठा निघाला, तर आधी पिक्सेलच्या किमती २५५ ने भागल्या आहेत ना, ते तपासा.

*प्रश्न: टेस्ट सेट किती वेळा वापरलात?*

"एकदाच, शेवटी. ७८,२०० चित्रांतली १० टक्के, म्हणजे ७,८२०, व्हॅलिडेशनसाठी बाजूला काढली. १२८ हा आकडा आणि कुठल्या इपॉकला थांबायचं, हे दोन्ही त्यांवर ठरवलं. टेस्टची १३,८०० चित्रं तोवर उघडली नाहीत." तुम्ही टेस्टवर बघून थांबायची जागा ठरवली असेल, तर लपवू नका. अ‍ॅक्युरसी खऱ्यापेक्षा थोडी चांगली दिसत असेल, हे स्वतःहून सांगा आणि विभागणी नीट करून पुन्हा चालवा. आधीचा आणि नंतरचा असे दोन आलेख शेजारी ठेवले की परीक्षकाला हा फरक दिसतोच.

*प्रश्न: डेटा वाढवायला चित्रं आडवी उलटवली का?*

"नाही सर. आरशातला 'क' हा क राहत नाही. किंचित फिरवणं आणि एक-दोन पिक्सेल सरकवणं चालतं, कारण माणसाच्या हातातही तेवढा फरक असतो."

पायरी ४: चुकांवरचे प्रश्न

एकूण अ‍ॅक्युरसी सांगून थांबू नका. कन्फ्यूजन मॅट्रिक्स छापून न्या आणि त्यातल्या सर्वांत जास्त चुकलेल्या तीन जोड्या तोंडपाठ ठेवा. घ आणि ध, भ आणि म, ड आणि ङ अशा जोड्यांकडे आधी बघा. ङ मध्ये तर फरक एका टिंबाचा, आणि ३२ पिक्सेलच्या चित्रात ते टिंब जेमतेम काही ठिपक्यांचं.

समजा, टेस्टमधल्या ३०० 'ध' पैकी २७३ बरोबर ओळखले गेले, तर रिकॉल २७३ ÷ ३००, म्हणजे ९१ टक्के. मॉडेलने एकूण २९० वेळा 'ध' म्हटलं असेल, तर प्रिसिजन २७३ ÷ २९०, सुमारे ९४ टक्के. तुमच्या मॅट्रिक्समधलं एक अक्षर घेऊन हे दोन भागाकार न चुकता सांगता येईपर्यंत सराव करा. रिकॉलसाठी ओळ बघायची की स्तंभ, हे तुमच्या मॅट्रिक्सवरच लिहून ठेवा. वेगवेगळ्या आकृत्यांत ते उलट असतं.

*प्रश्न: मी 'ळ' लिहिला तर?*

मराठी परीक्षक हे विचारणारच, आणि विचारायलाच हवं. "सर, या ३६ अक्षरांत ळ नाही, स्वरही नाहीत. सॉफ्टमॅक्सच्या ४६ शक्यतांची बेरीज नेहमी १ येते, म्हणून मॉडेल ळ ला कुठलं तरी दुसरं अक्षर म्हणेल, कदाचित मोठ्या खात्रीने. ठरावीक शक्यतेखाली उत्तर न देण्याची अट घातली तर काही चुका अडतात, सगळ्या नाही. खरा उपाय म्हणजे ळ ची चित्रं गोळा करून ४७ वा वर्ग जोडणं आणि पुन्हा प्रशिक्षण देणं. शेवटच्या थरात त्याने १२९ पॅरामीटर वाढतील: १२८ वेट आणि एक बायस."

पायरी ५: प्रात्यक्षिकाचा सराव

शेवटी परीक्षक कागदावर अक्षर लिहून म्हणतील, "ओळखून दाखवा." इथे चांगली मॉडेलंही पडतात. डेटासेटमध्ये काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर आहे, आणि फोनच्या फोटोत पांढऱ्या कागदावर काळं. उलटं केलं नाही, तर मॉडेल कधीच न पाहिलेली चित्रं ओळखायचा प्रयत्न करतं. शिवाय डेटासेटमध्ये अक्षराभोवती चारी बाजूंनी २ पिक्सेलची मोकळी कड आहे. म्हणून क्रम असा ठेवा: ग्रे करा, रंग उलटवा, अक्षराभोवती कापा, २८ × २८ करा, कड जोडा, २५५ ने भागा. मॉडेलकडे जाणारं चित्र पडद्यावर दाखवणारी एक ओळ कोडमध्ये असू द्या. उत्तर चुकलं, तर चूक फोटोची की मॉडेलची हे तिथल्या तिथे दाखवता येतं. आदल्या दिवशी घरातल्या चार जणांकडून दहा-दहा अक्षरं लिहून घ्या, त्यांतली चुकलेली निवडा आणि ती का चुकली हे कागदाच्या मागच्या बाजूला लिहून न्या.