भरताचे वांगे गॅसवर भाजताना

हिवाळ्यात नाशिकच्या भाजी बाजारात भरताची मोठी हिरवी वांगी येतात, तेव्हा आकाराच्या मानाने हलके आणि अळीचे छिद्र नसलेले वांगे निवडावे, कारण जड वांग्यात बिया जास्त असण्याची शक्यता असते. ते धुऊन कोरडे करावे, तेलाचा हात लावावा आणि आतली वाफ कोंडून ते फुटू नये म्हणून सुरीने तीन-चार ठिकाणी टोचावे.

साधारण 400 ग्रॅमचे वांगे मध्यम आचेवर थेट जाळीवर आडवे ठेवून दर तीन मिनिटांनी देठाला धरून पाव वळसा द्यावा. चारही बाजू होईपर्यंत बारा मिनिटे जातात. आच मोठी ठेवली तर साल लवकर काळी पडते आणि गर मात्र कच्चा, पांढरा राहतो. देठाजवळचा जाड भाग सर्वांत शेवटी शिजतो, म्हणून शेवटची दोन-तीन मिनिटे तोच भाग चिमट्याने ज्योतीवर धरावा. तिथे सुरी अडखळली, तर वांगे अजून झालेले नाही.

भाजलेले वांगे दहा मिनिटे झाकून ठेवल्यास वाफेने साल सुटते. ती देठाकडून खाली, पाण्यात बुडवलेल्या बोटांनी ओढावी. वांगे नळाखाली मात्र कधीही धरू नये, कारण धुराचा सारा स्वाद पाण्याबरोबर जातो. सालीचे एक-दोन काळे कण राहिले तरी भरीत बिघडत नाही.