शाखांमध्ये क्लाउड मॅनेज्ड स्विच लावताय? नेट जाण्याआधी एवढं करून ठेवा

पाच-सहा दुकानं, प्रत्येकात एक 24 पोर्टचा पीओई स्विच, आणि सगळ्यांचं नेटवर्क बघणारा माणूस एकच. अशा ठिकाणी क्लाउड मॅनेज्ड स्विच घ्यावा हे माझं मत आजही कायम आहे. कराडच्या दुकानातला कॅमेरा हँग झाला तर पुण्यात बसून त्या पोर्टची पॉवर बंद-चालू करता येते, कुठल्या पोर्टवर काय लागलंय ते दिसतं. स्विच स्वतःहूनच बाहेर क्लाउडशी कनेक्शन जोडतो, त्यामुळे पब्लिक आयपी नको, पोर्ट फॉरवर्डिंग नको, अगदी 4जी राउटरच्या मागे असला तरी डॅशबोर्डवर येतो. फायदे एवढेच सांगतो. पुढचं सगळं नेट गेल्यावरचं आहे, कारण तीच तयारी मी एकदा अर्धवट केली आणि औषधाच्या एका दुकानाचं बिलिंग दुपारपर्यंत अडकलं.

आधी एक गोष्ट शाखेतल्या माणसाला समजावून सांगा. नेट गेलं म्हणून स्विच बंद पडत नाही. शेवटचं कॉन्फिगरेशन त्याच्या स्वतःच्या मेमरीत असतं, काउंटरवरचा पीसी आणि शाखेतला बिलिंग सर्व्हर एकमेकांशी बोलत राहतात, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग चालू राहतं, व्हीलॅन तसेच राहतात. डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो त्याचा अर्थ फक्त एवढाच की क्लाउडला स्विच दिसत नाहीये. आत चालू आहे की नाही हे तो दिवा सांगूच शकत नाही, ते फोन करूनच विचारावं लागतं: स्विचवरचे दिवे लागलेत का, एका काउंटरवरून बिलिंग सर्व्हर उघडतोय का, मोबाइलवर दुकानाच्या वायफायने नेट चालतंय का. या तीन उत्तरांत बिघाड लाइनचा, स्विचचा की आयपीचा ते बहुतेक वेळा कळतं.

जातं काय, तर बदल करायची सोय. डॅशबोर्डवर तुम्ही पोर्ट बदलून सेव्ह केलंत तर ते क्लाउडमध्ये सेव्ह होतं, स्विचपर्यंत पोचतच नाही, लिंक परत आल्यावर पोचतं. म्हणून यादीतलं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम: लोकल लॉगिनचा कागद. प्रत्येक स्विचचा सिरियल नंबर, मॅनेजमेंट आयपी, गेटवे, अपलिंक कुठल्या पोर्टवर, लोकल पेजचं युजरनेम आणि पासवर्ड. हाताने लिहा नाहीतर प्रिंट काढा, पण कागदावर, बंद पाकिटात, त्या शाखेच्या मॅनेजरच्या कुलपात. एक प्रत स्वतःकडे. फक्त हेड ऑफिसच्या शेअर्ड ड्राइव्हवर ठेवलीत तर शाखेत नेट नसताना तिथल्या माणसाला ती मिळणार कशी?

आमच्याकडे काय झालं ते सांगतो म्हणजे कागदाचं महत्त्व कळेल. त्या दुकानात राउटर म्हणजे नेटवाल्याचाच डबा, तो 192.168.0 ची रेंज द्यायचा. बिलिंग सर्व्हर हाताने 192.168.0.5 वर ठेवलेला, स्विच 192.168.0.10 वर, गेटवे 192.168.0.1. पावसात लाइन गेली, संध्याकाळी नेटवाल्याचा माणूस येऊन डबा बदलून गेला आणि नवा डबा 192.168.1 ची रेंज द्यायला लागला. सकाळी काउंटर चालू केले, त्यांना नवे आयपी मिळाले, नेट एकदम छान चालू, पण सर्व्हर सापडेना, आणि स्विच डॅशबोर्डवर अजून लाल, कारण तो जुन्या गेटवेलाच हाका मारत बसला होता. नेट चालू आणि स्विच लाल म्हटल्यावर सगळ्यांनी ठरवून टाकलं की स्विच गेला. स्विच ठणठणीत होता.

बिलिंग सुटलं ते असं: नेट चालू असल्यामुळे रिमोट सॉफ्टवेअरने एका काउंटरचा पीसी उघडला आणि त्याला हाताने दोन आयपी दिले, एक 192.168.1 मधला नेटसाठी आणि दुसरा 192.168.0.20. दोन्ही मशिन एकाच स्विचवर, एकाच व्हीलॅनमध्ये, त्यामुळे सर्व्हर लगेच दिसला. बाकीचे काउंटरही तसेच केले. त्याच पीसीवरून स्विचचं लोकल पेजसुद्धा उघडलं, आणि तिथे पासवर्ड विचारला. डॅशबोर्डवर दिसत होता तो टाकला, चालला नाही. लाइन बंद असतानाच कुणीतरी डॅशबोर्डवर लोकल पासवर्ड बदलला होता, तो बदल स्विचपर्यंत पोचलाच नव्हता, आणि जुना पासवर्ड कुठेही लिहिलेला नव्हता. कागद असता तर पाच मिनिटांचं काम होतं. शेवटी माणूस पाठवावा लागला.

तर कागद. आणि कागदाबरोबर एक नियम: स्विच लाल असताना लोकल पासवर्ड बदलायचा नाही. बदलायचा तर हिरवा असताना, आणि बदलल्यावर जुन्यावर काट न मारता तारखेसह खाली नवा लिहायचा, म्हणजे गडबड झाली तर दोन्ही टाकून बघता येतात.

कागद लिहून झाला की तपासा. वॅनची केबल काढा, खरोखर हाताने काढा, आणि फक्त कागद बघून लॅपटॉपवरून स्विचचं पेज उघडून दाखवा. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी असते, उदाहरणार्थ मेराकीच्या बऱ्याच एमएस स्विचना लॅपटॉपला 1.1.1.99, मास्क 255.255.255.0 देऊन 1.1.1.100 उघडावं लागतं, हे ऐन वेळी कुणाला सुचत नाही, म्हणून तेही कागदावर हवं. काही कंपन्यांच्या लोकल पेजवर फक्त स्विचचा स्वतःचा आयपी, व्हीलॅन, गेटवे एवढंच बदलता येतं, पोर्टचं काही नाही. तुमच्या मॉडेलवर काय बदलता येतं ते त्याच चाचणीत बघून घ्या.

यातूनच दुसरं काम येतं. नेटवाल्याचा डबा आणि स्विच यांच्यामध्ये स्वतःचा राउटर ठेवा. मग डबा कितीही वेळा बदलला तरी आतली रेंज बदलत नाही. आणि स्विचला हाताने आयपी देण्यापेक्षा डीएचसीपीवर ठेवून राउटरमध्ये तोच आयपी त्याच्यासाठी राखून ठेवा, म्हणजे राउटर बदलला तरी स्विच आपला नवा पत्ता घेतो आणि क्लाउडपर्यंत पोचतो. आयपी मिळाला नाही तर काही स्विच स्वतःहून दुसरा मार्ग शोधून बघतात, त्यावर विसंबू नका.

आता रिसेट बटण. नेट नाही, स्विच लाल, फोनवर कुणीतरी सांगतं "पिन घालून रिसेट मार". मारू नका! पॉवरची वायर काढून परत लावली तर कॉन्फिगरेशन राहतं, फार तर कॅमेरे थोडा वेळ बंद पडतील. पण रिसेट दाबलं की सगळे पोर्ट व्हीलॅन 1 मध्ये, आणि नवीन कॉन्फिगरेशन आणायला क्लाउड लागतो, जो नेमका त्या वेळी नाहीये. राउटरवर बिलिंग व्हीलॅन 10 मध्ये आणि कॅमेरे 20 मध्ये टॅग करून ठेवले असतील तर आता कुणालाच कुणी सापडत नाही. चालू असलेलं दुकान तुम्ही स्वतःच्या हाताने बंद केलंत. स्विचवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा, रिसेट करायचा नाही.

तरी कुणी केलंच तर वाट अशी: सिम घातलेला 4जी राउटर घ्या, स्विचचा अपलिंक त्याच्या लॅन पोर्टला लावा, स्विच डीएचसीपीने आयपी घेतो, क्लाउडला भेटतो, कॉन्फिगरेशन उतरवतो, डॅशबोर्डवर हिरवा झाला की थोडं थांबून केबल जागेवर परत लावा. हे सोपं जावं म्हणून मॅनेजमेंट नेटवर्क अपलिंकवर अनटॅग्ड ठेवा. टॅग केलंत तर खोक्यातून काढलेल्या नव्या स्विचला तो टॅग माहीत नसतो आणि तो क्लाउडपर्यंत जाऊच शकत नाही. काही कंपन्यांचे स्विच नवं कॉन्फिगरेशन घेतल्यावर क्लाउड दिसला नाही तर जुन्यावर परत जातात, तेही टॅगमुळेच गोंधळतं. जळलेल्या स्विचच्या जागी नवा लावतानाही हेच सगळं लागतं, आणि हो, तेव्हा कागदावर नवा सिरियल नंबर लिहा.

डीएचसीपी कुठून येतो ते बघा. बरेच जण शाखेतली विनंती व्हीपीएनवरून हेड ऑफिसच्या सर्व्हरकडे पाठवतात आणि लीज 8 तासांची असते. संध्याकाळी लिंक गेली की काही कळत नाही, कारण सगळ्यांकडे आयपी आहे. रात्रीत लीज संपते, सकाळी पीसी चालू केला की ipconfig मध्ये 169.254 ने सुरू होणारा आयपी दिसतो, आणि शेजारच्या टेबलावरचा सर्व्हरसुद्धा मिळत नाही. डीएचसीपी शाखेच्या राउटरवरच ठेवा. बिलिंग सर्व्हर नावाने शोधत असाल तर ते नाव सोडवणारा डीएनएसही शाखेतच हवा, नाहीतर सरळ आयपी टाका. पोर्टवर 802.1एक्स लावलं असेल आणि रेडियस सर्व्हर बाहेर असेल तर तो न सापडल्यास पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये जायचा ते आधीच ठरवा, नाहीतर नवीन लावलेलं मशिन बाहेरच राहील.

दुसरी लिंक घ्याच, 4जी चालेल, पण ती राउटरच्या दुसऱ्या वॅनला लावा, थेट स्विचला नको, नाहीतर वरचीच आयपीची भानगड पुन्हा. पहिल्या लाइनच्याच खांबावरून येणारी दुसरी फायबर घेऊन उपयोग नाही. केबल काढून तपासताना दोन गोष्टी बघा, बिलिंग चालू आहे का, आणि स्विच 4जीवरून परत हिरवा झाला का. आणि त्याच वेळी कागदही पुन्हा वापरून बघा, पासवर्ड अजून तोच आहे ना.

बाकीचं थोडक्यात. स्विच, राउटर आणि नेटवाल्याचा डबा तिन्ही एकाच यूपीएसवर. कंट्रोलर तुम्ही स्वतःच हेड ऑफिसला चालवत असाल तर तिथली लाइन गेली की सगळ्याच शाखा लाल होतील, घाबरू नका, आत चालू असतं. डॅशबोर्डचे अॅडमिन दोघं तरी असावेत, आणि ओटीपी येणारा फोन सुट्टीवर गेलेल्याचा नको. फर्मवेअर अपडेट सगळ्या शाखांना एका रात्री लावू नका, आधी एकीला. लायसनची तारीख कॅलेंडरमध्ये टाका: मेराकीच्या को-टर्म लायसनमध्ये मुदत संपल्यावर 30 दिवसांची सवलत असते आणि त्यानंतर नेट चालू असूनही नेटवर्क बंद पडतं. इतर कंपन्यांचा नियम विकत घेण्याआधी लेखी मागून घ्या.