फोटो पाहून कानातलं निवडताना या चुका टाळा

चेहरा गोल की चौकोनी, हे ठरवून कानातलं निवडायचा सल्ला सगळेच देतात. पण चुकतं त्याच्या आधी, फोटो वाचतानाच.

पहिली चूक म्हणजे सेल्फीवरून मापं घेणं. नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण 12 सेंटिमीटर मागे असतात. कॅमेरा नाकापासून 30 सेंटिमीटरवर असेल, तर तो कानापासून 42 सेंटिमीटरवर असतो. त्यामुळे नाकाच्या तुलनेत कान जवळजवळ तीस टक्क्यांनी लहान दिसतो, चेहराही अरुंद आणि लांबट वाटतो. हाच फोटो दीड मीटरवरून काढला, तर हा फरक सात-आठ टक्क्यांवर येतो. सेल्फी पाहून स्वतःचा चेहरा लांबट समजणाऱ्या कितीतरी जणींचा चेहरा प्रत्यक्षात रुंद असतो, आणि मग त्या नेमकं नको ते निवडतात. म्हणून फोटो दुसऱ्या कुणाकडून दीड-दोन मीटरवरून काढून घ्या. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर असावा, मान सरळ, केस कानामागे.

दुसरी चूक आकार नजरेनं ठरवण्याची. फोटोत मोजपट्टी नसते, पण बुबुळ असतं. मोठ्या माणसांच्या बुबुळाचा रंगीत गोल आडवा मोजला तर 12 मिलिमीटरच्या किंचित आत भरतो, आणि माणसागणिक त्यात फारच थोडा फरक पडतो. लॅपटॉपच्या पडद्यावर फोटो इतका मोठा करा, की बुबुळ पट्टीनं 12 मिलिमीटर भरेल. आता चेहरा जवळपास खऱ्या मापाचा झाला. कान डोळ्यांच्या मागे असल्यानं तिथल्या मापात पाच टक्के मिळवा. एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होईल, तेवढं चालतं.

एक उदाहरण घेऊ. चेहरा चौकोनी, जबडा रुंद. पडद्यावर कानाच्या पाळीतल्या भोकापासून जबड्याच्या कोपऱ्याच्या पातळीपर्यंत सरळ खाली 35 मिलिमीटर भरले, म्हणजे खरे 37 च्या आसपास. अशा चेहऱ्याला 35 ते 40 मिलिमीटरचं लोंबतं कानातलं घातलं, की त्याचं टोक थेट जबड्याच्या कोपऱ्याशी थांबतं. नजरही तिथेच थांबते आणि जबडा आणखी रुंद दिसतो. कानातलं जिथे संपतं तिथली रुंदी उठून दिसते, हे माझ्या मते चेहऱ्याच्या आकारांच्या सगळ्या याद्यांपेक्षा उपयोगी आहे. इथे एकतर 20-22 मिलिमीटरवर थांबायचं, नाहीतर 50 च्या पुढे जायचं आणि खालचं टोक निमुळतं ठेवायचं. कुणाला आपला जबडा ठसठशीत दिसायला हवा असेल, तर मात्र तेच 37 मिलिमीटर अगदी योग्य!

आता कानाची पाळी. याच फोटोत भोकाखाली पाळी 7 मिलिमीटर आहे. 10 मिलिमीटरचा गोल टॉप्स भोकाखाली 5 मिलिमीटर उतरतो, पाळीची कड दिसत राहते आणि तो नीट बसतो. 16 मिलिमीटरचा टॉप्स 8 मिलिमीटर उतरतो, पाळीबाहेर येतो, आणि वजन असेल तर पुढे झुकतो. झुकणं थोडंसंच असेल, तर मागे रुंद चकतीची फिरकी लावून भागतं. भोक उभं ओघळून चिरेसारखं दिसत असेल, तर वजनदार काहीच नको. पाळी गालाला चिकटलेली असेल, तर पाळीला घट्ट वेढणारी छोटी रिंग गालावर टेकते. तिथे टॉप्स किंवा भोकातून सरळ खाली येणारी बारीक साखळी बरी.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पाळीचं तोंड कुठे आहे. काहींची पाळी समोर वळलेली असते, काहींची बाजूला. समोर वळलेल्या पाळीवर टॉप्स समोरून पूर्ण दिसतो, पण साधी रिंग नुसती उभी रेघ दिसते. बाजूला वळलेल्या पाळीवर उलट होतं: रिंगचा गोल समोरून उघडा दिसतो, आणि टॉप्सची फक्त कड. ‘मी एवढी मोठी रिंग घातली, फोटोत दिसतच नाही’ या तक्रारीचं कारण बहुधा हेच असतं, आणि आणखी मोठी रिंग घेऊन ते सुटत नाही. सरळ समोरच्या फोटोत भोकाच्या आसपासची पाळी रुंद दिसते की पातळ पट्टीसारखी, एवढं पाहिलं की कळतं. दोन्ही कान वेगवेगळे तपासा, कारण ते बऱ्याचदा सारखे नसतात.

विकत घेण्याआधी ठरवलेल्या मापाचा कागद कापा, भोकाच्या जागी चिकटपट्टीनं पाळीच्याच दिशेनं लावा आणि त्याच दीड मीटरवरून पुन्हा फोटो काढा. रिंगसाठी कागदाऐवजी वाकवलेली बारीक तार लागते, कारण कागदाची चकती तिच्यासारखी वळून लटकत नाही.